पावणेसहा लाखांचा घोळ आणि गुरुजींच्या चिठ्ठ्या

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेडच्या खालच्या अंगाला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो आणि महादेवाचं देऊळ तिच्या काठावर आहे. २०२३च्या पाडव्याला मला देवस्थानच्या ट्रस्टचं सचिव केलं, म्हणजे खरं तर कोणी तयार नव्हतं म्हणून माझ्या गळ्यात बांधलं. माझं कृषी सेवा केंद्र आहे. खतांच्या गोण्यांचा हिशोब येतो, तेव्हा देवाचाही येईल, असा लोकांचा हिशोब.

आठ दिवसांत गावाच्या ग्रुपवर एक फोटो फिरला. कुणी तरी ट्रस्टच्या सगळ्या वह्यांच्या बेरजा एका कागदावर मांडल्या होत्या. शिखराचं काम आणि कलशारोहण झालं ते २०२२-२३ हे वर्ष. पावती पुस्तकं ६,८४,२१० रुपये, सप्ताहाची वही २,३७,४५०, दानपेटी १,४८,७६५, मोबाइलवरून आलेले ८६,४१२ आणि कलशारोहणाच्या देणगीदारांची यादी ४,१२,०००. एकूण १५,६८,८३७. त्याखाली बँकेत भरलेले आणि बिलं असलेल्या खर्चाचे मिळून ९,९२,४८७. आणि सगळ्यात खाली लाल शाईत मोठा आकडा: ५,७६,३५०. "पावणेसहा लाख कुणी खाल्ले?"

खजिनदार आबा त्या रात्री जेवले नाहीत. वय सत्तरीच्या पुढं, तीस वर्षं देवळाची चावी त्यांच्याकडं. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "बेरीज बरोबर हाय रे. मीच दोनदा केली. पण पैसे नाईत."

बेरीज बरोबर होती, हे आधी सांगितलं पाहिजे, कारण सगळी गंमत तिथंच आहे. त्या कागदात एकही आकडा बनावट नव्हता. पाचही वह्या खऱ्या होत्या. चूक होती ती पाच वह्यांची बेरीज करण्यात.

मी गुरुजींकडं गेलो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मला चौथीला त्यांनीच शिकवलं. ऑडिटरकडं जायचंच होतं. कायद्यानं ३१ मार्चला हिशोब बंद करून दर वर्षी लेखापरीक्षण करून घ्यावंच लागतं. पण ऑडिटर समोर ठेवलेली वही तपासतो. वही म्हणून ठेवायला आमच्याकडं एक लोखंडी पेटी होती.

गुरुजींनी पेटी उघडली, वरची उदबत्तीची पुडी बाजूला काढली आणि पहिला प्रश्न विचारला तो रकमेचा नव्हता. "पावती पुस्तकं छापली किती?"

आबांना आठवेना. प्रेसचं बिल सापडलं, त्यावर वीस पुस्तकं, प्रत्येकी पन्नास पावत्या, १ ते १०००. पेटीत निघाली एकोणीस. क्रमांक लावून जमिनीवर ओळीनं मांडल्यावर मध्येच दात पडल्यासारखी एक जागा रिकामी राहिली. चौदावं पुस्तक, ६५१ ते ७००. गुरुजी म्हणाले, "जे पेटीत आहे त्याची बेरीज कुणीही करील. जे पेटीत नाही त्याची कोण करणार?" आणि त्यांनी ते एका कोऱ्या पानावर सगळ्यात वर लिहून ठेवलं. चौदाव्या पुस्तकाची गोष्ट पुढं येईल. ती माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली.

मला वाटलं होतं गुरुजी जाड रजिस्टर आणतील आणि पहिल्या पानापासून लिहायला घेतील. त्यांनी रजिस्टर आणलंच नाही. जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पाठ कापून चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक स्थळप्रतीची एक चिठ्ठी, सप्ताहाच्या वहीतल्या प्रत्येक नावाची एक चिठ्ठी, दानपेटी उघडल्याच्या प्रत्येक दिवसाची एक. प्रत्येकीवर तारीख, नाव, रक्कम आणि ती कुठून उतरवली ते: 'पु. ६, पा. २७७' किंवा 'सप्ताह, पान ९'. दोन शाळकरी पोरं आणि मी, पंधरा दिवस रोज संध्याकाळी देवळाच्या ओवरीत बसून उतरवत होतो.

मी वैतागून विचारलं, "थेट रजिस्टरात कामून नाही लिहायचं, गुरुजी?"

"पटपडताळणी आठवते का?"

आठवत होती. २०११च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी शाळांची पटपडताळणी झाली होती. पटावर पोरं भरपूर, वर्गात कमी, आणि तपासणीच्या दिवशी या शाळेतली पोरं त्या शाळेत नेऊन बसवायची. म्हणून मोजलेल्या पोराच्या बोटाला शाई लावत. गुरुजी म्हणाले, "दोन्ही हजेऱ्या खऱ्याच दिसत होत्या बाबा. पोरगंही खरं. फक्त ते एकच होतं. रजिस्टरात लिहिलं की ओळ जागची हलत नाही. चिठ्ठी हलवता येते. आधी मोजलेल्याच्या बोटाला शाई लावू, मग पटावर घेऊ."

चिठ्ठ्या तारखेनं लावल्या. वहीनं नाही, तारखेनं; यातच सगळं आलं. पाच वह्या वेगवेगळ्या असताना जे दिसत नव्हतं, ते एकाच तारखेच्या चिठ्ठ्या शेजारी पडल्यावर दिसायला लागलं.

पहिली सापडली ती सप्ताहाची. महाशिवरात्रीला, १८ फेब्रुवारी २०२३ला, काला झाला. सप्ताह समिती वेगळी असते, तिची वर्गणी वेगळी, वहीही वेगळी. समितीनं २,३७,४५० रुपये वहीत मांडले. अन्नदान, कीर्तनकारांची पाकिटं, मंडप, स्पीकर असा खर्च जाऊन ६१,१०० उरले. ते त्यांनी प्रामाणिकपणे आबांकडं आणून दिले. आबांनी तितक्याच प्रामाणिकपणे ट्रस्टच्या पुस्तकातून पावती फाडली: 'सप्ताह समिती, ६१,१००'. झालं. ज्या बाईनं सप्ताहाला १०१ दिले, तिचा रुपया सप्ताहाच्या वहीत एकदा आणि त्या पावतीच्या पोटात दुसऱ्यांदा बसला.

दानपेटीचंही तेच. वर्षात ती तीनदा उघडली होती. दोनदा नुसती बेरीज लिहून बँकेत भरणा केला, आणि एकदा, बहुधा कुणीतरी 'पावती पाहिजेच' म्हणाल्यामुळं, आबांनी 'दानपेटी' या नावानंच ५२,३४० ची पावती फाडली होती. ट्रस्टनं ट्रस्टलाच दिलेली पावती! गुरुजी हसले नाहीत. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या एकमेकींना टाचल्या आणि खालच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यावर हिरव्या शाईचा ठिपका दिला.

तिथं त्यांनी नियम ठरवला, आणि तो मी आजही दुकानातल्या पोरांना सांगतो. पैसा बाहेरून देवळाच्या उंबऱ्याच्या आत आला, की रजिस्टरात एक ओळ. आतल्या आत या खिशातून त्या खिशात, पेटीतून बँकेत, समितीकडून ट्रस्टकडे गेला, तर नवी ओळ नाही. जुन्या ओळीसमोर 'कुठं गेला' त्या रकान्यात नोंद. ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडं, आणि मला वाटतं बहुतेक गावांत, पैसा हातातून हातात गेला की पावती फाडायची सवय असते, कारण पावती म्हणजे विश्वास. देणाऱ्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. फक्त ती सगळीच कागदं उत्पन्नाची नसतात. समितीला द्यायची ती 'पोच', आणि ती वेगळ्या पुस्तकातून.

सप्ताहाची वही उतरवताना गुरुजींची एक युक्ती पाहिली, ती इथं सांगतोच. आपल्याकडं देणगी ५१, १०१, २५१, ५०१ अशी. शेवटी एक असतोच. मग एखाद्या पानावर चोवीस नावं असतील आणि प्रत्येक रकमेच्या शेवटी एक असेल, तर पानाच्या बेरजेचा शेवटचा अंक चार यायला पाहिजे. गुरुजी आधी नावं मोजत, मग फक्त बेरजेचा शेवटचा अंक बघत. अकराव्या पानावर नावं चोवीस आणि बेरजेच्या शेवटी तीन. "एक जण बिनएकाचा आहे," म्हणून बोट खाली सरकवत गेले. 'गहू ५०'. पन्नास किलो गहू रुपयांच्या बेरजेत गेले होते. या ताळ्यानं सगळं सापडत नाही. कुणी ५,०००च दिले किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, तर ताळा गप्प बसतो. पण पंधरा सेकंदांत एक पान होतं.

धान्याचं त्यांनी मागं वेगळं पान केलं. किती, कसलं, कुणाचं आणि कशात वापरलं एवढंच. किंमत लिहायची नाही. भंडाऱ्यात शिजलं तर संपलं, आणि उरलेलं मोंढ्यात विकलं तर त्या विक्रीच्या पैशाची एक ओळ.

अंकांची आणखी एक भानगड निघाली. आबा मराठी अंक लिहितात. बेरजा करणारा त्यांचा पुतण्या मोबाइलवर इंग्रजी आकड्यांत करतो. कार्बनच्या पुसट प्रतीवर आबांचा ४ त्याला इंग्रजी आठसारखा दिसला आणि ४,५०१ चे ८,५०१ झाले. हे कळलं कसं? त्या पुस्तकाची बेरीज आणि त्याच आठवड्यातली बँकेची भरणा स्लिप यांत बरोबर ४,००० चा फरक होता. फरक असा गोल आला की पैसा हरवलेला नसतो, अंक हरवलेला असतो, असं गुरुजी म्हणाले. मला हे शंभर टक्के पटत नाही, गोल रक्कमही कुणी उचलू शकतो. पण मूळ पावती ज्याच्याकडं होती त्यानं ती देव्हाऱ्यातून काढून दाखवली, ४,५०१च. त्याशिवाय रद्द केलेल्या दोन पावत्या, ५,५०० च्या, तिन्ही प्रती पुस्तकातच असताना बेरजेत धरलेल्या होत्या. गहू, आठ आणि रद्द मिळून ९,५५०.

आता यादी. गावाचं खरं दुखणं तिथं होतं.

३ मे २०२२, अक्षय्य तृतीया. कलशारोहण. माइकवर बोली चालली होती. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना सांगणं कठीण आहे. एकानं एकवीस हजार म्हटले की दुसऱ्या भावकीतला उठणार आणि एकतीस म्हणणार, टाळ्या, 'हर हर महादेव', आणि माइकवाला नाव पुन्हा पुन्हा घेणार. त्या दिवशी सत्तावीस नावं लिहिली गेली, ४,१२,००० ची. तीच यादी फलक कोरणाऱ्याकडं गेली आणि महिन्याभरात काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत नावं आणि रकमा देवळाच्या दारात लागल्या.

गुरुजींनी यादीतल्या प्रत्येक नावाची चिठ्ठी केली आणि पावत्यांच्या चिठ्ठ्यांत तिची जोडी शोधली. सोळा जणांनी पैसे पुढं कधी ना कधी भरले होते, २,४१,०००, आणि त्यांच्या पावत्या पुस्तकात होत्याच. म्हणजे ग्रुपवरच्या कागदानं हे पैसे दोनदा धरले होते: एकदा पावतीत, एकदा यादीत. उरलेल्या अकरा जणांचे १,७१,००० आलेलेच नव्हते. दगडावर होते, देवळात नव्हते.

म्हणजे ज्या यादीवरून सगळ्यात जास्त आरडाओरडा चालला होता, तिच्यातला एकही रुपया वेगळा आलेला नव्हता. पूर्ण ४,१२,००० खोडायचे. पण हे चावडीवर म्हणायचं कुणी? त्या अकरांत दोघं असे होते की ज्यांच्या घरातूनच ग्रुपवर 'कुणी खाल्ले' विचारलं गेलं होतं.

इथं माझं आणि गुरुजींचं वाजलं. मी म्हणालो, अकरा नावं बाहेर लावू, म्हणजे तोंडं बंद होतील. ते म्हणाले, "बोली म्हणजे उधारी नाही. त्याची ना पावती, ना करार. तुला वसुली करायचीय की वही?" त्यांनी रजिस्टरच्या शेवटी एक स्वतंत्र यादी केली: बोली, आली, बाकी. हिशोबात तिचा एक पैसाही नाही. ज्याचे पैसे येतील त्याची ओळ त्या दिवसाच्या तारखेनं रजिस्टरात पडेल आणि मागच्या यादीत 'आली'च्या रकान्यात रजिस्टरचा अनुक्रमांक लागेल. ते पान कुणी मागितलं तर दाखवायचं, आपणहून वाचायचं नाही.

मला तेव्हा हे मिळमिळीत वाटलं होतं. अजूनही अर्धवट वाटतं. पण घडलं असं की गुरुजींनी फक्त ज्याचं त्याला त्याचं पान दाखवलं, तेही घरी जाऊन, चहाला. अकरांपैकी चौघांनी त्याच महिन्यात भरले. एक जण म्हणाला सोयाबीन निघाल्यावर बघू. एका वारलेल्या माणसाच्या लेकाला तर वडलांनी बोली बोललेलीच ठाऊक नव्हती. तो फलकासमोर बराच वेळ उभा राहिला आणि हप्त्यानं देतो म्हणाला. फलक मात्र कुणी बदलला नाही. दगड कोरून कमी करता येत नाही.

मोबाइलचे पैसे सोपे वाटत होते, ते सगळ्यात किचकट निघाले. दानपेटीवर चिकटवलेला क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचा नव्हताच. माजी सचिवांच्या मुलाच्या स्वतःच्या खात्याचा होता. लबाडी म्हणून नव्हे. विश्वस्त बदलले होते पण बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल व्हायचा राहिला होता. तिथल्या विश्वस्तांच्या नोंदीत, म्हणजे अनुसूचीत, अजून जुनीच नावं, त्यातले दोघं हयात नाहीत. खात्यावर सह्या बदलायला बँक अनुसूचीची ताजी नक्कल मागते. ती नाही, म्हणून सह्या नाहीत, म्हणून ट्रस्टचा क्यूआर नाही, म्हणून पोरानं आपला लावून दिला. कायद्यात बदल कळवायला नव्वद दिवसांची मुदत आहे. आमच्याकडं वर्षं उलटली होती.

तो मुलगा चाकणला कामाला. बिचाऱ्यानं बँकेचं पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट पाठवलं. त्यात त्याचा पगार, खोलीभाडं, मेसचे पैसे, मित्रांची देवाणघेवाण आणि मध्ये मध्ये महादेव. गुरुजींनी आधी एकानं संपणाऱ्या रकमांवर खूण केली. मग तारखा पाहिल्या: २०२२च्या श्रावणातले सोमवार, १, ८, १५ आणि २२ ऑगस्ट, आणि पुढं महाशिवरात्र. गर्दी तिथंच होती. पण तेवढ्यावर त्यांनी एकही ओळ घेतली नाही. मित्रानं लग्नाच्या आहेराचे ५०१ पाठवले असतील तर? प्रत्येक नाव मुलाला विचारलं, बाहेरच्यांना फोन केले, आणि मगच मुलानं पूर्वी सांगितलेला ८६,४१२ हा आकडा कायम झाला. मुलानं ते सगळे चार हप्त्यांत ट्रस्टला पाठवलेही होते. घोळ एवढाच, की ज्यांनी पैसे पाठवून नंतर 'पावती द्या' म्हटलं, त्यांना आबांनी पुस्तकातून पावत्या दिल्या होत्या, ३४,०१० च्या. पुन्हा तेच, एक पोरगं दोन हजेऱ्यांवर.

६१,१०० सप्ताहाचे, ५२,३४० दानपेटीचे, ४,१२,००० यादीचे, ३४,०१० मोबाइलचे आणि ९,५५० चुकीचे. एकूण ५,६९,०००. गुरुजींनी ते १५,६८,८३७ मधून वजा केले. वर्षाची खरी आवक ९,९९,८३७. सापडलेले ९,९२,४८७. राहिले ७,३५०.

पावणेसहा लाखांचे सात हजार झाले, तेव्हा आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि म्हणाले, "हे मी भरतो. मिटवा."

गुरुजींनी पाकीट परत खिशात ठेवायला लावलं. "तुम्ही भरलं तर मी ते देणगी लिहू का चोरी परत आली म्हणून लिहू? दोन्ही खोटं." मग चिठ्ठ्यांचा फेब्रुवारीचा गठ्ठा पुन्हा सोडला. फरक कुठल्या आठवड्यात पडतो ते पाहिलं, कारण प्रत्येक आठवड्याची आवक आणि भरणा आता शेजारी ठेवता येत होता. वर्षभर ताळा लागत होता आणि १३ ते १९ फेब्रुवारी या एकाच आठवड्यात तुटत होता. यात्रेचा आठवडा. पावत्यांचे रोख पैसे आले, आणि बँकेत जायच्या आधीच पाण्याचा टँकर, बर्फ, हलगीवाले, रात्री जनरेटरचं डिझेल असं परस्पर दिलं गेलं. बिलं नाहीत. आबांना टँकर आठवत होते, रकमा नाही. म्हणून गुरुजींनी तो आकडा कुठंही मिसळला नाही. त्या वर्षाच्या शेवटी, बेरजेच्या खाली, स्वतंत्र ओळ: 'ताळा न लागलेली रोख रक्कम ७,३५०, यात्रा आठवडा, बिलाविना खर्च झाल्याचे खजिनदार सांगतात.' 'सांगतात', 'झाले' नाही. ऑडिटरनं सप्टेंबरात ती ओळ तशीच आपल्या अहवालात घेतली. अशी अनियमितता दिसली तर ती लिहिणं त्याचं कामच असतं. आणि आमच्यावर नियम बसला: आलेली रोख आधी पूर्ण बँकेत, खर्च मग बँकेतून काढून.

चौदावं पुस्तक मे महिन्यात आपणहून आलं. गावातला ऊसतोड मुकादम टोळ्या घेऊन दर दिवाळीनंतर सांगलीकडं जातो. जाताना आबांनी त्याला एक पुस्तक दिलं होतं, 'तिकडं आपली माणसं आहेत, शिखराला काही देतील.' ते पुस्तक फडावरच्या पालात, भाकरीच्या टोपल्याखाली हंगामभर होतं. एकोणीस पावत्या फाडलेल्या, बेरीज १,३१९. मी पटकन म्हणालो, मग आवक वाढली! गुरुजींनी हात वर केला आणि सप्ताहाचं सहावं पान उघडलं. 'मुकादमाची टोळी, हस्ते अमुक, १,३१९.' मुकादमानं पैसे सप्ताहाला गावी येणाऱ्याच्या हाती पाठवून दिले होते. पैसा केव्हाच मोजला गेला होता. हरवली होती ती फक्त नावं. रजिस्टरात ती ओळ एकच राहिली, पण तिच्या खाली गुरुजींनी एकोणीस नावं बारीक अक्षरांत लिहिली, कोयत्यामागं ५१ आणि १०१ दिलेली. फलकावरच्या अकरांपेक्षा त्यांना जास्त जागा गेली. हे मी नंतर मोजलं.

त्यानंतर कुठं जाड रजिस्टर आलं. शाळेतल्या जनरल रजिस्टरसारखं, पानांना छापील क्रमांक, शिवलेलं, सुटी पानं नाहीत. रकाने: अनुक्रमांक, तारीख, कोणाकडून, कशासाठी, रोख का बँकेतून का मोबाइलवर, पावती क्रमांक किंवा दानपेटीचा पंचनामा, रक्कम, बँकेत कधी जमा, मूळ नोंद कुठं, शेरा. गुरुजींच्या मते सगळ्यात महत्त्वाचा शेवटून दुसरा. प्रत्येक ओळीवरून मागं मूळ कागदापर्यंत जाता आलं पाहिजे, नाहीतर स्वच्छ रजिस्टर म्हणजे नुसतं सुंदर अक्षर. खोडायचं नाही, चुकलं तर लाल शाईनं एक रेघ, वर बरोबर आकडा आणि दोन सह्या. शाळेत जन्मतारीख जशी.

'कशासाठी' या रकान्यानं एक नवं दुखणं उघडं केलं. 'शिखरासाठी' म्हणून आलेल्या पैशातून काही कंपाउंडच्या भिंतीला लागले होते. सगळं देवाचंच, असं गाव म्हणतं. देणाऱ्यानं हेतू लिहून दिला असेल तर ते पैसे वेगळा निधी म्हणून दाखवावे लागतात, असं ऑडिटर म्हणतो. आम्ही ठराव करून पुढच्या सर्वसाधारण देणग्यांतून ते शिखर निधीत परत वळवले. ज्या पावतीवर नुसतं 'देणगी' आहे तिचा हेतू गुरुजींनी अंदाजानं कधी भरला नाही, देणारा शेजारी राहत असला तरी.

नव्या रजिस्टरात दानपेटीची पहिली ओळ २०२३चा निज श्रावण संपल्यावर पडली. दोन कुलपं, दोन चाव्या, एक आबांकडं, एक माझ्याकडं. गुरव मामांनी पेटी आडवी केली. सतरंजीवर नोटांचे ढीग लावले, पंचनाम्यावर मूल्यवार संख्या लिहिली: पाचशेच्या इतक्या, शंभरच्या इतक्या, नाणी वेगळी. दोन हजारांच्या अकरा नोटा निघाल्या. रिझर्व्ह बँकेनं मे महिन्यात त्या परत मागवल्या होत्या आणि सप्टेंबरअखेरची मुदत जवळ आली होती, तेव्हा लोकांना महादेव आठवला असावा. त्या दुसऱ्याच दिवशी बँकेत गेल्या.

तळाशी, लाकडाच्या फटीत अडकलेली, पाचशेची जुनी नोट निघाली. २०१६च्या आधीची, हिरवट पिवळी, घडी घातलेली. आबा म्हणाले, फेकून द्या, कशाला हिशोबात. गुरुजींनी ती सपाट केली, पंचनाम्यात ओळ घातली: 'जुनी पाचशेची नोट, संख्या १.' रकमेच्या रकान्यात शून्य लिहिलं, आणि आबांपुढं सहीला कागद सरकवला.